काठी हातात, डोळे मोबाइलवर

संध्याकाळी सातच्या सुमाराची लोकल. दिव्यांगांच्या डब्यात मी खिडकीपाशी बसलो होतो. मांडीवर घडी केलेली पांढरी काठी, हातात मोबाइल. घरी मेसेज लिहीत होतो, 'छोले भिजत घातलेस का?' समोरचे गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत असणार. मला ते कळायचं कारण नव्हतं, कारण माझी नजर अक्षरांवर होती आणि अक्षरांच्या बाहेरचं मला काहीच दिसत नाही. शेवटी ते शेजाऱ्याला, पण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "हल्ली काठ्याही भाड्याने मिळतात वाटतं."

दोघं-तिघं हसले. मीही हसलो, वाक्य खरंच चांगलं जमलं होतं. माझं स्टेशन आलं तशी मी काठी उघडली आणि दाराशी गेलो, तर त्याच गृहस्थांनी माझा दंड धरून मला जवळजवळ उचलूनच फलाटावर ठेवलं. पाच मिनिटांपूर्वी मी ढोंगी होतो, आता ठार आंधळा झालो. त्यांच्या मनात या दोनच खुर्च्या होत्या आणि मला कुठल्यातरी एकीवर बसवल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं.

हे गृहस्थ वाईट नव्हते. आपण सगळेच 'दिसतं का?' असं विचारतो आणि उत्तर हो किंवा नाही यावर मिटवतो. माझं म्हणणं असं की, हा प्रश्नच कामाचा नाही. त्याने अल्पदृष्टी असलेल्या माणसावर खोटेपणाचा आळ येतो, पूर्ण अंध माणसाच्या गळ्यात नको ती मदत पडते, आणि 'अंधांसाठी सोय' म्हणून जे काही होतं त्याचा धड दोघांनाही उपयोग होत नाही. हे मी घरात बसून सांगू शकतो, कारण आमच्या घरात दोन्ही आहेत. मला थोडं दिसतं, बायकोला मुळीच दिसत नाही. आणि खालच्या मजल्यावर माझी आत्या राहते, तिची तिसरीच तऱ्हा.

आधी माझी. आजाराचं नाव रेटिनायटिस पिग्मेंटोजा. वडिलांनी मामाची मुलगी केली होती. अशा लग्नात आई आणि वडील दोघांकडून एकच बिघडलेला जीन मुलाकडे येण्याची शक्यता वाढते आणि या आजाराचे बरेच प्रकार तसेच येतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या ज्या पेशी अंधुक उजेडात बघतात, त्या यात आधी मरतात. त्यामुळे सुरुवात रातांधळेपणाने होते. लहानपणी गावी रात्री अंगणातल्या बादल्या मीच लवंडायचो. आजीने त्यावर बकऱ्याची कलेजी खायला घातली. कलेजी अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आलेल्या रातांधळेपणावर चालते, माझ्यावर चालणार नव्हती. पण मला ती आवडायची, त्यामुळे तक्रार नव्हती. पुढे कडेची नजर हळूहळू आत सरकत आली. मध्यभाग अजून शाबूत आहे.

शाबूत म्हणजे किती, ते असं पाहा. हात समोर सरळ ताणा आणि मूठ वळा. त्या मुठीची रुंदी डोळ्यापाशी साधारण १० अंशांचा कोन करते. धडधाकट माणसाला दोन्ही डोळ्यांनी आडवं सुमारे १८० अंश दिसतं. मला ८ दिसतात, म्हणजे मुठीपेक्षाही थोडं कमी. मोबाइल एक फुटावर धरला तर चार सेंटिमीटरचं वर्तुळ दिसतं, त्यात तीन-चार शब्द मावतात, आणि ते शब्द मी तुमच्याइतकेच स्पष्ट वाचतो. तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा आणि गळा दिसतो. त्याने पुढे केलेला हात दिसत नाही. पायाजवळचं कुत्रं, अर्धवट उघडं गटार, जिन्याची पहिली पायरी यांतलं काहीही दिसत नाही. म्हणून काठी. काठी मोबाइल वाचायला लागत नाही, मोबाइल खिशात ठेवून चालायला लागते.

आता कायदा बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधे दोन मोजमापं आहेत. पहिलं तीक्ष्णतेचं. चांगल्या डोळ्याने, योग्य तो चष्मा लावूनही, इतरांना ६० मीटरवरून दिसणारं अक्षर ज्याला ३ मीटरपेक्षाही जवळ गेल्यावर दिसतं, म्हणजे ज्याची नजर ३/६०च्या खाली, तो अंध. ६/१८च्या खालपासून ३/६०पर्यंत अल्पदृष्टी. दुसरं मोजमाप दृष्टिक्षेत्राचं. ४० अंशांच्या खाली १०पर्यंत अल्पदृष्टी, १०च्या खाली अंध. दोन्हींपैकी एक बसलं तरी पुरे. म्हणजे पेपर वाचणारा मी कायद्याने अंध आहे आणि जिला पेपरातली मथळ्याची ओळही लागत नाही ती आत्या कायद्याने अल्पदृष्टी. माझ्या आणि बायकोच्या प्रमाणपत्रावर मात्र एकच शब्द.

यात कायद्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. आरक्षण द्यायचं, सवलत द्यायची तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. चूक होते ती ती रेघ रोजच्या जगण्यावर ओढताना. बँकेच्या खिडकीवर, परीक्षेच्या खोलीत, सोसायटीच्या सभेत लोक कार्डावरचा शब्द वाचतात आणि समोरच्या माणसाला काय लागणार ते स्वतःच ठरवून टाकतात.

क्रिकेटवाल्यांनी हा घोळ कधीच सोडवला आहे. अंधांच्या क्रिकेटमधे खेळाडूंचे तीन वर्ग असतात. ब-१ म्हणजे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंध, ब-२ आणि ब-३ म्हणजे थोडं आणि त्याहून थोडं जास्त दिसणारे. अकरा जणांत किमान चार ब-१ असायलाच हवेत, त्यांच्या धावा दुप्पट धरतात, आणि त्यांनी एक टप्पा पडल्यावर झेल घेतला तरी फलंदाज बाद. चेंडूत छर्रे असतात, तो वाजत येतो. पहिला विश्वचषक दिल्लीत १९९८ साली झाला. एकाच संघात वेगवेगळं दिसणारी माणसं असतात आणि प्रत्येकाला नियम वेगळा लागतो, हे मैदानावर इतक्या वर्षांपूर्वी कळलं. मैदानाबाहेर मात्र 'अंध' हा अजून एकच वर्ग आहे.

त्याचं एक उदाहरण मी स्वतः भोगलंय. एका जुन्या नोकरीत साहेबांनी मोठ्या कौतुकाने माझ्या संगणकावरची अक्षरं तिप्पट मोठी करून दिली. अल्पदृष्टी म्हणजे मोठी अक्षरं, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण माझ्या वर्तुळात आधी तीन-चार शब्द मावत होते, आता एकेक अक्षर मावायला लागलं. 'महाराष्ट्र' वाचायला मान अशी फिरवावी लागे की बघणाऱ्याला वाटावं, हा टेनिसची मॅच बघतोय. मला अक्षर लहान पण ठळक लागतं, काळ्यावर पांढरं असलं तर उत्तम. मी तसं सांगितलं तर साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्हाला नीट दिसतं तर!" त्या दिवसापासून माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं जाऊ लागलं.

दुपारी मी रस्त्याने काठीशिवाय बरा चालतो, नजर झाडूसारखी खाली-वर फिरवत. उन्हातून जिन्यात शिरलो की काही मिनिटं ठार आंधळा असतो. संध्याकाळ झाली की काठी उघडतो. दुपारी मला बघणारा पानवाला संध्याकाळी बघतो आणि मनात जे म्हणायचं ते म्हणतो. तोच माणूस, तेच डोळे, फक्त उजेड बदललेला. मधुमेहाने पडदा खराब झालेल्यांचं तर सकाळचं आणि संध्याकाळचंही वेगळं असू शकतं, साखर वर-खाली झाली की नजरही होते. दिसणं हे उंचीसारखं नसतं, एकदा मोजलं आणि झालं, असं.

आता बायको. ती दीड वर्षाची असताना तिच्या बुबुळात मांजरासारखी पांढरी चमक दिसायला लागली. रेटिनोब्लास्टोमा, लहान मुलांच्या डोळ्यातला कर्करोग. जीव वाचवायला दोन्ही डोळे काढावे लागले. आता आहेत ते कृत्रिम डोळे, तिच्या मापाने घडवलेले, तपकिरी. ते इतके चांगले जमलेत की लोक तिला सांगतात, "छे, तुम्हाला थोडं दिसत असणार." माझे खरे डोळे संशयास्पद आणि तिचे खोटे डोळे खात्रीचे, हा आमच्या घरातला नेहमीचा विनोद आहे. ते डोळे अधूनमधून काढून धुवावे लागतात, वर्षा-दोन वर्षांनी पॉलिश करून घ्यावे लागतात, नाहीतर पापण्यांच्या आत खरखर होते.

तिला विचारला जाणारा सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे "सगळं काळं दिसतं का?" ती उलट विचारते, "तुम्हाला पाठीने काय दिसतं?" माणूस थबकतो. पाठीमागे आपल्याला काळोख दिसत नाही, काहीच दिसत नाही, त्या दिशेला दिसणंच नाही. तिचं सगळीकडून तसं आहे. शिवाय अंध म्हणून प्रमाणपत्र असलेल्या बहुतेकांना उजेड, सावली, हालचाल असं काही ना काही कळतं. तिच्यासारखं शून्य असणारे कमी.

या शून्याचा एक परिणाम डोळस माणसाच्या ध्यानातही येत नाही, तो म्हणजे झोप. दिवस उगवला ही खबर मेंदूला डोळ्यांतून जाते. शरीराचं घड्याळ बहुतेकांचं २४ तासांहून थोडं हळू चालतं आणि सकाळचा उजेड ते रोज जागेवर आणतो. तिच्या घड्याळाला तो धक्का बसत नाही. ते रोज थोडं पुढे सरकतं, आणि मग काही आठवडे ती दुपारी पेंगते, रात्री टक्क जागी. पुन्हा आपोआप ताळ्यावर येतं, पुन्हा सरकतं. सगळ्याच पूर्ण अंधांना असं होत नाही, पण अनेकांना होतं, आणि घरचे-दारचे त्याला आळस किंवा मनाचा आजार म्हणतात. तिलाही झोपेच्या गोळ्या चालू होत्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नेमकं विचारलं, "डोळ्यांत उजेडही जात नाही ना?" मग ठरल्या वेळी मेलाटोनिन, ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी चालणं असं बसवल्यावर बरंच सुधारलं. माझ्या ८ अंशांनी मला घर दाखवलं नाही तरी सकाळ दाखवली. तिला तेवढंही मिळालं नाही.

आमचं स्वयंपाकघर बघितलंत तर दोघांच्या गरजा एकमेकींच्या अंगावर कशा येतात ते कळेल. तिला वस्तू जागच्या जागी लागते. हळदीचा डबा डावीकडून दुसरा, तिखटाचा तिसरा आणि त्याला रबर बँड. मी डबा वापरून बोटभर बाजूला ठेवला की तिच्या जगातून तो नाहीसा होतो. उलट मला डब्याची जागा हलली तरी चालते, फक्त त्यावर उजेड हवा आणि डबा ओट्यापेक्षा वेगळ्या रंगाचा हवा. स्टीलच्या ओट्यावर स्टीलचं पातेलं मला दिसत नाही. पांढऱ्या ताटात भात मी चाचपतच खातो, तांबड्या ताटात खुशाल खातो. तिला ताटाचा रंग कशाला हवा? तिला कुणीतरी सांगायला हवं की वाटी कुठे आणि लोणचं कुठे. ती चहा गाळते तो कपात पडणाऱ्या धारेच्या आवाजावर, कप भरत आला की आवाज बारीक होत जातो. मी चहा गाळतो तो काळ्या कपात नाही, पांढऱ्याच.

एकच गोष्ट दोघांनाही सारखीच नको असते, अर्धं उघडं दार. तिची काठी खालून निसटते आणि कपाळ आपटतं, मला ती दाराची कड वर्तुळात येतच नाही. म्हणून आमच्याकडे दार एकतर सताड उघडं किंवा बंद. पाहुणे आले की पहिल्या तासात हा नियम मोडतात. दुसरं म्हणजे पाहुणे न बोलता खोलीतून उठून जातात आणि ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. 'मी जरा बाहेर जाते गं' एवढं म्हणायला काही पडत नाही.

गेल्या दहा वर्षांत तिचं जग एका गोष्टीने अवघड केलंय, काचेने. शेगडीची गोल बटणं गेली आणि इंडक्शनची सपाट काच आली. वॉशिंग मशीनचं तेच. दुकानातल्या कार्डाच्या मशीनवर पाचाच्या बटणावर एक उंचवटा असायचा, त्यावरून ती स्वतः पिन टाकायची. आता काही दुकानांत सगळी काच असते, आणि दुकानदार भलेपणाने म्हणतो, "पिन सांगा ताई, मी टाकतो." मला काच चालते, मी बघून दाबतो. अंधांसाठी काय करावं हे मला विचारलंत तर या काचेचा मुद्दा मला आठवणारही नाही. उलट तिला विचारलंत तर जिन्यातल्या दिव्याचा तिला गंध नसेल. म्हणून 'आमच्या ओळखीत एक अंध आहेत, त्यांना विचारून केलं' हे मी ऐकलं की मला धाकधूक होते. कुठल्या अंधांना?

आता आत्या. वय ७६. तिच्या डोळ्याचा मध्यभागच खराब झालाय, ज्याला मॅक्युला म्हणतात तो. माझ्या बरोबर उलट. ती बाजारात एकटी जाते, खड्डे चुकवते, रिक्षा थांबवते. पण समोर तुम्ही उभे राहिलात तर तुमचा चेहरा तिला पुसलेला दिसतो. ओळखीची बाई रस्त्यात हसली, आत्या तशीच पुढे गेली, की संध्याकाळपर्यंत 'फार शिष्ट झाल्या' अशी बातमी फिरते. तिला तुमच्याकडे बघायचं असतं तेव्हा ती मान किंचित वळवून तुमच्या कानाच्या पलीकडे बघते, कारण कडेच्या नजरेत तुम्ही थोडे येता. लोकांना वाटतं, बोलताना दुसरीकडेच लक्ष आहे. खरं म्हणजे ती तेव्हाच तुमच्याकडे बघत असते. पुनर्वसन केंद्रात हेच मुद्दाम शिकवतात, नजर कुठे वळवली की सगळ्यात बरं दिसतं ती जागा शोधायची आणि तिचा सराव करायचा.

आत्याला मोठं अक्षर खरंच लागतं. वाचायचं भिंग लावून ती कागद नाकाशी, चार बोटांवर धरते. घरचे ओरडायचे, "डोळे फोडून घेशील!" जवळ धरल्याने डोळा बिघडत नाही. अंतर निम्मं केलं की अक्षर दुप्पट होतं, एवढंच. शिवाय भिंग जितकं जास्त ताकदीचं तितका कागद जवळ आणावाच लागतो, हा काचेचा धर्म आहे. टेबललॅम्प खांद्याच्या मागून, कागदावर पडेल असा. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापून ती ओळीवर ठेवली की बाकीच्या कागदाची चमक डोळ्यात जात नाही. या पुठ्ठ्याला खर्च नाही आणि तिचा सगळा हरिपाठ त्यातूनच होतो.

दोन वर्षांपूर्वी ती अचानक गप्प झाली. नंतर मला एकटं गाठून म्हणाली, "बाळा, भिंतीपाशी मुलं उभी असतात रे. रंगीत कपडे घातलेली. बोलत नाहीत." तोवर घरात कुणीतरी बाहेरचं बघायचं ठरवलंही होतं. हा भुताचा प्रकार नाही आणि वेडाचाही नाही. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी चित्रं कमी झाली की मेंदू कधीकधी स्वतःच्या पदरची चित्रं भरतो. स्वित्झर्लंडच्या शार्ल बोनेने १७६० साली आपल्या आजोबांचं असं दिसणं लिहून ठेवलं, त्याच्याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. ती माणसं आवाज करत नाहीत, आणि बघणाऱ्याला आतून माहीत असतं की ती खरी नाहीत. आवाजही यायला लागले किंवा ती खरीच आहेत असं वाटायला लागलं, तर मात्र वेगळा डॉक्टर गाठायचा. आत्याला एवढं कळल्यावर ती सुटली. आता सांगते, "आज मुलं आली नव्हती." किती म्हाताऱ्या माणसांनी हे कुणालाच सांगितलं नसेल, असं मनात येतं.

आम्हा तिघांनाही एक दिलासा वरचेवर मिळतो, "नेत्रदानातून डोळे मिळतात ना आता!" नेत्रदानातून बुबुळावरचा पारदर्शक पडदा मिळतो. ज्याचा तोच पडदा पांढरा झालाय त्याला तो लाभतो, आणि म्हणून नेत्रदान जरूर करावं. पण माझा आणि आत्याचा बिघाड डोळ्याच्या मागच्या पडद्यात आहे, बायकोला तर डोळेच नाहीत. अख्खा डोळा बदलून दृष्टी देता येत नाही. हे समजावताना समोरच्याचा चेहरा पडतो म्हणे. मी बघितलेला नाही, बहुतेक वेळा तो माझ्या वर्तुळाबाहेर असतो.

सार्वजनिक जागेवर हा घोळ कसा उमटतो ते फुटपाथवर बघा. रेघा आणि ठिपके उठवलेल्या फरशा तुम्ही पाहिल्या असतील. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. उठाव बायकोच्या काठीसाठी आणि पायासाठी आहे. पिवळा रंग तिच्यासाठी नाही, तो माझ्यासाठी आणि आत्यासाठी आहे, राखाडी रस्त्यावर ती पट्टी आम्हाला लांबून दिसावी म्हणून. आमच्या भागात नव्या फुटपाथवर या फरशा बाकी फरशांना शोभतील अशा राखाडी रंगात बसवल्या. ज्याने रंग ठरवला त्याच्या मनात नक्कीच विचार आला असणार की आंधळ्यांना रंग काय करायचाय. पुढे ती पट्टी बायकोला थेट विजेच्या डीपीवर नेऊन सोडते, ती गोष्ट वेगळी.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत रंगकाम आणि नवी लिफ्ट निघाली. सेक्रेटरी चांगला माणूस आहे. सभेत म्हणाला, "काका, अंधांसाठी एक सोय करून टाकू, काय करायची ते सांगा." मी म्हटलं, एक नाही होणार, तीन याद्या येतील. लोक हसले. याद्या खरंच तीन आल्या. बायकोला जिन्याखालच्या स्कूटर हलवायला हव्या होत्या, आणि मजला बोलून सांगणारी, उठावाच्या बटणांची लिफ्ट हवी होती. आत्याला लिफ्टचे आकडे काळ्यावर पांढरे, तळहाताएवढे हवे होते आणि जिन्याच्या वळणावरचा उघडा एलईडी दिवा झाकायला हवा होता, कारण तो थेट तिच्या डोळ्यात येतो आणि मग तिला पुढचं काहीच दिसत नाही. मला त्याच वळणावर दिवा हवाच होता, तोही रात्रभर चालू. इथे आमचीच भांडणं झाली. शेवटी दिव्याला खालून दुधी काचेचं झाकण आलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

लिफ्टची ऑर्डर आधीच गेली होती, बटणं सपाट काचेची आली. कंपनीचा माणूस म्हणाला, बटणांवर उंच ठिपके चिकटवून देतो. बायको म्हणाली, "ठिपका शोधायला मी बोट फिरवणार, आणि फिरवताना सगळे मजले दाबले जाणार." मग ठिपके बटणांवर न लावता प्रत्येक बटणाच्या डावीकडे, चौकटीच्या स्टीलवर लावले, एम-सीलचे. आधी ठिपका चाचपायचा, मग शेजारी दाबायचं. मजला सांगणारा आवाज सुरू झाला, तो इंग्रजीत बोलतो, पण बोलतो.

पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी मारायचं ठरलं. एक डबा ऑइलपेंट, एक दिवसाचं काम. संध्याकाळी घरी आलो तर पेंटरने उत्साहाने अख्ख्या पायऱ्याच पिवळ्या करून ठेवलेल्या. दिसायला छान, लग्नघरासारखं. पण सगळंच पिवळं झालं की कड कुठली ते कळत नाही, वरून बघितलं तर एक पिवळी घसरगुंडी. आत्या पहिल्या पायरीवर पाय पुढे करून उभी राहिली आणि मागे फिरली, तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं. पुन्हा राखाडी रंग मारून प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांचीच पट्टी ठेवली, थोडी वरच्या बाजूला आणि थोडी समोरच्या बाजूला, म्हणजे चढताना आणि उतरताना दोन्हीकडून दिसते.

रात्रभर दिव्याची मागणी वीजबिलाच्या मुद्द्यावर पडली. माणूस आला की लागणारे सेन्सरचे दिवे बसवले. डोळस माणसाला ते सोयीचे. माझी अडचण अशी की आधी अंधारात एक पाऊल टाकायचं, मग उजेड मिळणार, आणि पडायचं असतं ते त्याच पावलाला. पुढच्या सभेत विषय पुन्हा मांडणार आहे. तोवर रात्री आम्ही दोघं परतलो की वळणावर बायको काठी घेऊन एक पायरी पुढे जाते. सेन्सर लागताना बारीकशी टिक होते, ती तिला ऐकू येते. मग ती तिथूनच म्हणते, "लागला रे, ये."